घटक ४ : संभाषणाचा सारांश आणि खासगी तपशील झाकणे

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
- दूरध्वनी-संभाषणाच्या शब्दांकनात दूरध्वनी क्रमांक, खाते क्रमांक आणि पत्ते कोणकोणत्या रूपांत येतात ते ओळखता येईल.
- सारांश कोण वाचणार आहे हे लक्षात घेऊन कोणता तपशील किती झाकावा, हे ठरवता येईल.
- शब्दांकनावरून सर्वांना वाचता येईल असा सारांश तयार करता येईल आणि तो तपासता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण लिखित उताऱ्याचे सारांशलेखन अभ्यासले. मुख्य मुद्दा राखणे आणि गौण तपशील गाळणे हे त्याचे सूत्र होते. दूरध्वनीवरील संभाषणाचा सारांश करताना एक वेगळा प्रश्न उभा राहतो. बोलणाऱ्याने जे सांगितलेले असते, ते समोरच्या एका माणसाला सांगितलेले असते. सारांश मात्र पुष्कळांच्या हाती जातो.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात अशा नोंदी रोज तयार होतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०१३ मध्ये नागरिकांसाठी ‘सारथी’ ही मदतवाहिनी सुरू केली. कारखान्यांचे मनुष्यबळ विभाग, कामगारांच्या पतसंस्था, गृहनिर्माण संस्था यांच्याकडेही तक्रारी दूरध्वनीवरूनच येतात. आपल्यापैकी अनेक जण अशाच ठिकाणी काम करीत असतील. त्या तक्रारीचे शब्दांकन करून त्याचा सारांश सूचनाफलकावर किंवा व्हॉट्सॲप गटावर द्या, असे काम केव्हा तरी आपल्याकडे येते. या घटकात आपण असे एकच संभाषण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचा विचार करणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ नमुना संभाषण

पुढील संभाषण अभ्यासासाठी रचलेले आहे. चाकण परिसरातील एका कारखान्यातील कामगारांची पतसंस्था असून तिचे सहाशे सभासद आहेत, असे समजा. भारतातील भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतात. येथील क्रमांक कोणाचाही असू नये म्हणून तो मुद्दाम ५ ने सुरू केला आहे. गट क्रमांकही काल्पनिक आहे.

लिपिक : नमस्कार, पतसंस्था कार्यालय.
सभासद : साहेब, मी टोकन नंबर चारशे बारा, पेंट शॉपमधून बोलतेय. काल एका माणसाचा फोन आला. पतसंस्थेतून बोलतोय, तुमचं दोन लाखांचं कर्ज मंजूर झालंय, फाइल चार्ज भरा, म्हणाला. मी साडेचार हजार पाठवले.
लिपिक : कोणत्या खात्यातून, ताई?
सभासद : पगाराच्या. शेवटचे आकडे त्रेसष्ट, झिरो आठ. त्यानं अख्खा नंबर लिहून घेतला माझ्याकडून.
लिपिक : तुमचा मोबाइल सांगा.
सभासद : पंचावन्न, झिरो एक.
लिपिक : पाच पाच शून्य एक. पुढे?
सभासद : तेवीस, सत्तर, सेहेचाळीस. नाही लागला तर मिस्टरांना करा. तोच नंबर, फक्त शेवटी सत्तेचाळीस.
लिपिक : आणि त्या माणसाचा नंबर?
सभासद : वाचते. छप्पन्न, डबल झिरो, अडतीस, एक्याण्णव, पंधरा.
लिपिक : अर्ज घरी पाठवतो. पत्ता?
सभासद : मेदनकरवाडी, गट नंबर नऊ हजार एक, पिठाच्या गिरणीमागं निळ्या गेटची चाळ, वरची खोली. पण सकाळीच पाठवा. या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे. मिस्टर ट्रकवर बाहेरगावी असतात. रात्री घरात सासूबाई आणि लहान मुलगी दोघीच असतात.

इतर सभासदांनी सावध व्हावे म्हणून संस्थेला या संभाषणाचा सारांश सर्व सहाशे जणांना पाठवायचा आहे. हेतू योग्य आहे. फसवणारा पतसंस्थेचे नाव घेऊन बोलला, म्हणजे पुढचा दूरध्वनी दुसऱ्या सभासदालाही जाऊ शकतो. परंतु हा सारांश एकदा गटावर गेला की तो तेथून कोठे जाईल, हे संस्थेच्या हाती राहत नाही. एकदा फसलेल्या व्यक्तीचा क्रमांक फसवणाऱ्यांना हवाच असतो. ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, त्यासाठी थोडे शुल्क भरा’ असे सांगून त्याच व्यक्तीला दुसऱ्यांदा फसवण्याचा प्रकार सर्वत्र आढळतो. शिवाय या संभाषणात घर कोठे आहे आणि रात्री तेथे कोण असते, ही दोन्ही माहिती एकाच वाक्यसमूहात आलेली आहे.

४.२.२ शेवटचे चार अंक कोणासाठी असतात?

बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात पुढीलप्रमाणे लिहितात :

‘पेंट शॉपमधील एका महिला सभासदाची (मो. ××××××७०४६, खाते क्र. ×××××××६३०८, रा. निळ्या गेटची चाळ, मेदनकरवाडी) साडेचार हजार रुपयांची फसवणूक झाली आहे.’

येथे क्रमांक झाकले आहेत असे वाटते. बँकेच्या संदेशातही खात्याचे शेवटचे काही अंक तेवढे दिसतात. झाकलेल्या आधार प्रतीतही पहिल्या आठ अंकांच्या जागी खुणा असून शेवटचे चार अंक उघडे असतात. मग हीच पद्धत येथे का चालू नये?

बँकेचा संदेश खातेदारालाच जातो. त्याची दोन-तीन खाती असतील, तर व्यवहार कोणत्या खात्यात झाला हे त्याला कळावे, एवढ्यासाठी शेवटचे अंक उघडे ठेवलेले असतात. म्हणजे उघडे अंक ही मालकासाठी ठेवलेली ओळखीची खूण आहे. आपल्या सारांशाचा वाचक मालक नाही. तो शेजारच्या यंत्रावर काम करणारा सहकारी आहे. त्याला ती खूण देण्याचे कारण नाही, आणि दिली तर तिचा उपयोग एकच होतो, तो म्हणजे ओळख पटवण्याचा.

ही ओळख किती सहज पटते, ते थोड्या हिशोबाने पाहू. चार अंकांच्या दहा हजार जोडण्या होतात. क्रमांक सर्वत्र सारखे विखुरलेले आहेत असे धरले, तर सहाशे सभासदांत त्याच चार अंकांनी संपणारा दुसरा क्रमांक आढळण्याची शक्यता शंभरात सुमारे सहा एवढीच आहे. उरलेल्या चौऱ्याण्णव वेळा ते चार अंक एकाच सभासदाचे असतात. शोधण्यासाठी कौशल्य लागत नाही. सहकाऱ्यांचे क्रमांक ज्याच्या भ्रमणध्वनीत साठवलेले आहेत, त्याने शोधचौकटीत ७०४६ लिहिले की नाव समोर येते.

चारऐवजी दोनच अंक ठेवले तर? दोन अंकांच्या शंभर जोडण्या होतात, म्हणजे सहाशे जणांत सरासरी सहा जणांचे क्रमांक ४६ ने संपतील. पण त्या सहांपैकी पेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या महिला किती? बहुधा एकच. अंक कमी केले, तरी शेजारचे शब्द उरलेले काम पुरे करतात.

यावरून या घटकाचे मुख्य सूत्र मिळते. तपशील झाकला गेला की नाही, हे किती अंकांवर खूण पडली यावरून ठरत नाही. सारांशाच्या प्रत्यक्ष वाचकाला, त्याला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींच्या आधारे, ती व्यक्ती शोधता येते की नाही यावरून ते ठरते. आपल्या कायद्यातील व्याख्याही याच दिशेची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार, ज्या माहितीमुळे किंवा जिच्या संदर्भाने एखादी व्यक्ती ओळखता येते, ती त्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती होय. म्हणून कारखान्यात ‘टोकन नंबर चारशे बारा’ हीसुद्धा वैयक्तिक माहिती आहे. बाहेरच्या माणसाला तो निव्वळ आकडा वाटेल, पण हजेरीपत्रक पाहणाऱ्याला ते नावच आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) बँकेच्या संदेशात खात्याचे शेवटचे अंक उघडे का ठेवतात?
आ) तेच अंक पतसंस्थेच्या सारांशात का ठेवू नयेत?

४.२.३ बोलण्यात दडलेले क्रमांक

छापील कागदावर क्रमांक एका ओळीत दिसतो. बोलण्यात तो विखुरतो. नमुना संभाषणात सभासदाचा क्रमांक तीन वेगवेगळ्या वाक्यांत आला आहे. पहिले चार अंक तिने सांगितले, तेच लिपिकाने खात्रीसाठी पुन्हा उच्चारले आणि उरलेले सहा त्यानंतर आले. घाईत तपासणारा तिचे वाक्य झाकतो आणि लिपिकाचे ‘पाच पाच शून्य एक’ तसेच राहते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपण क्रमांक बहुधा जोडीजोडीने सांगतो आणि शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला आपल्याकडे स्वतंत्र शब्द आहे. ‘सत्तर, सेहेचाळीस’ यात अंक एकही दिसत नाही, तरी चार अंक सांगून झालेले असतात. ‘डबल झिरो’, ‘ट्रिपल नऊ’ अशी मिश्र रूपेही येतात. शब्दांकन करणारी व्यक्ती किंवा यंत्रणा कधी शब्द लिहिते, कधी देवनागरी अंक, तर कधी इंग्रजी अंक. त्यामुळे केवळ अंक शोधून सर्व क्रमांक सापडतील असे समजू नये.

सर्वांत जास्त निसटते ते सापेक्ष वर्णन. ‘तोच नंबर, फक्त शेवटी सत्तेचाळीस’ या वाक्यात क्रमांक पूर्ण नाही, पण त्यातून पतीचा क्रमांक मिळतो. उलट पतीचा क्रमांक ज्याला ठाऊक आहे, त्याला पत्नीच्या क्रमांकाचे पहिले आठ अंक मिळतात. एकाच वेळी घेतलेले लागोपाठचे क्रमांक अनेक घरांत असतात. तसेच पैसे पाठवण्याचा यूपीआय पत्ता पुष्कळदा भ्रमणध्वनी क्रमांकावरूनच तयार झालेला असतो. क्रमांक झाकून तो पत्ता उघडा ठेवणे म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्या नावाने देणे होय.

फसवणाऱ्याचा क्रमांक मात्र सर्वांना कळवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तो सार्वत्रिक सारांशात देऊ नये. फसवणारे क्रमांक वारंवार बदलतात, आणि तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या कागदपत्रांवर घेतलेला असू शकतो. सहाशे जणांचा राग मग एखाद्या निरपराध माणसावर निघतो. तो क्रमांक मूळ नोंदीत अचूक जपावा आणि तपास यंत्रणेला द्यावा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे पैसे कोणत्या खात्यातून केव्हा गेले हे पूर्ण सांगावे लागते, म्हणून मूळ शब्दांकनात खाडाखोड करू नये. झाकण्याचे सारे काम प्रतीवर करावे.

४.२.४ पत्ता : खूण हाच पत्ता

शहरी पत्त्यात सदनिका क्रमांक, इमारत आणि पिनकोड असतो. सदनिका क्रमांक झाकला की पत्ता झाकला गेला असे वाटते. चाकणभोवतीच्या वाड्यांमध्ये, जेथे भाड्याच्या खोल्यांतून कामगार मोठ्या संख्येने राहतात, तेथे पत्ता खुणांनी सांगितला जातो. गिरणी, टाकी, मंदिर, गेटचा रंग, कंपनीची बस थांबते ती जागा या सर्व खुणा होत. ‘पिठाच्या गिरणीमागं निळ्या गेटची चाळ, वरची खोली’ यात एकही अंक नाही, तरी तेथे पोहोचायला दुसरे काही लागत नाही.

गट क्रमांकाचा विचार वेगळा करावा लागतो. गाव आणि गट क्रमांक ठाऊक असेल, तर राज्य शासनाच्या भूमी अभिलेख संकेतस्थळावर त्या जमिनीचा सातबारा पाहता येतो आणि त्यावर जमीनमालकाचे नाव असते. म्हणजे भाडेकरूच्या पत्त्यातला गट क्रमांक उघडा राहिला, तर घरमालकाचे नावही उघड होते. त्या बिचाऱ्याचा या तक्रारीशी काही संबंध नसतो.

पत्त्याबाबत अंक झाकण्याऐवजी पातळी वर नेणे अधिक सोयीचे असते. चाळीऐवजी वाडी, वाडीऐवजी ‘चाकण परिसर’, आणि गरज नसेल तर तेही नको. कोणती पातळी ठेवावी, हे सारांशाच्या हेतूवरून ठरते. एखाद्या वाडीत पाणी येत नाही अशी तक्रार असेल, तर वाडीचे नाव ठेवलेच पाहिजे, अन्यथा सारांशच निरुपयोगी होतो. आपल्या उदाहरणात फसवणूक दूरध्वनीवरून झाली आहे. ती कोणत्या गावात ऐकली गेली, याला महत्त्व नाही.

पत्त्याला चिकटून आलेली वेळही पत्त्याचाच भाग समजावी. रात्रपाळी, पती बाहेरगावी, घरात दोघीच, ही वाक्ये गौण तपशील म्हणून बहुधा आपोआप गळतात. परंतु तक्रारदाराची परिस्थिती सांगण्याच्या सद्‌भावनेने काही वेळा तीच सारांशात येतात. ती अजिबात ठेवू नयेत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) नमुना संभाषणातून अंक किंवा संख्यावाचक शब्द नसलेले, तरीही घरापर्यंत नेणारे शब्द शोधून लिहा.
आ) गट क्रमांक उघडा राहिल्यास कोणाची ओळख उघड होते?

४.२.५ सारांशाची रचना

आता प्रत्यक्ष लेखनाकडे वळू. प्रथम शब्दांकनाच्या प्रतीवर क्रमांक, पत्ते आणि ओळखीच्या खुणा अधोरेखित कराव्यात. त्यानंतर प्रत्येकाच्या जागी अर्थपूर्ण नाव लिहावे, जसे [सभासदाचा भ्रमणध्वनी], [पतीचा भ्रमणध्वनी], [फसवणाऱ्याचा भ्रमणध्वनी], [पगाराचे खाते], [घरचा पत्ता]. सर्वत्र नुसत्या फुल्या मारल्या तर कोणी कोणाला दूरध्वनी केला हेच कळत नाही आणि सारांश लिहिताना घोटाळा होतो. एकच क्रमांक दोनदा आला तर दोन्ही ठिकाणी तेच नाव वापरावे. ही प्रत, तक्रार हाताळणाऱ्या दोन-तीन जणांना चर्चेसाठी पुरेशी असते.

सर्व सभासदांसाठीचा सारांश या प्रतीवरून नव्याने लिहावा :

‘संस्थेच्या नावाने कर्ज मंजूर झाल्याचे सांगणारा खोटा दूरध्वनी एका सभासदास नुकताच आला. ‘फाइल चार्ज’ म्हणून सुमारे साडेचार हजार रुपये पाठवण्यास सांगण्यात आले आणि पगाराच्या खात्याचा पूर्ण क्रमांकही विचारून घेण्यात आला. असा दूरध्वनी आल्यास पैसे पाठवू नयेत, खाते क्रमांक सांगू नये आणि कार्यालयात विचारणा करावी. पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० वर तक्रार नोंदवावी. संबंधित तक्रारीची मूळ नोंद कार्यालयात आहे.’

या सारांशात कंसातील नावेसुद्धा उरलेली नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेल. वाचकाला त्यांची गरजच नव्हती. फसवणुकीची रीत, मागितलेली रक्कम आणि पुढे काय करावे हे मात्र पूर्ण आहे. ‘महिला’ आणि ‘पेंट शॉप’ हे शब्दही गाळले आहेत, कारण तेवढ्यावरून तिच्या पाळीतील सहकाऱ्यांनी तिला ओळखले असते.

४.२.६ तपासणी आणि मर्यादा

पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शोधसुविधेने देवनागरीतील दहा आणि इंग्रजीतील दहा अंक एकेक करून शोधावेत. जो अंक सापडेल तो तेथे का आहे याचे उत्तर देता आले पाहिजे. वरील सारांशात फक्त १९३० सापडतो. दुसरी, संख्यावाचक शब्दांसाठी सारांश एकदा मोठ्याने वाचावा. कानाला ‘सेहेचाळीस’ लगेच खटकते, डोळा मात्र त्यावरून घसरतो. तिसरी, सर्वांत महत्त्वाची, म्हणजे हा सारांश त्याच कारखान्यातील, पण तक्रार ठाऊक नसलेल्या एका विश्वासू सहकाऱ्यास दाखवून ‘ही व्यक्ती कोण असेल?’ असे विचारावे. त्याने नाव सांगितले किंवा दोन-तीन नावांपर्यंत तो पोहोचला, तर सारांशात अजून काही उघडे आहे असे समजावे.

झाकण्याच्या साधनांतही चूक होते. शब्दांकनाच्या छायाचित्रावर भ्रमणध्वनीतील मार्कर पेन फिरवले, तर त्याचा रंग अर्धपारदर्शक असू शकतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचे अंक दिसू लागतात. पीडीएफमध्ये मजकुरावर काळी चौकट ठेवली, तरी खालचा मजकूर तसाच राहू शकतो आणि तो निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. वर्डमधील बदलांच्या नोंदींत पुसलेला क्रमांक शिल्लक राहू शकतो. म्हणून झाकलेली मूळ फाइल पाठवू नये, नव्या पानावर टंकलेला मजकूर पाठवावा. फाइलच्या नावात सभासदाचे नाव किंवा क्रमांक नाही ना, तेही पाहावे. ध्वनिमुद्रण तर सोबत जोडूच नये, कारण ओळखीचा आवाज झाकता येत नाही.

या पद्धतीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. सहाशे जणांच्या संस्थेत ‘एका सभासदास’ म्हटल्याने ओळख लपते. आठ जणांच्या विभागात तेच शब्द पुरेसे नसतात. तेथे घडलेल्या प्रसंगाचा उल्लेख टाळून केवळ सावधगिरीची सूचना द्यावी, किंवा प्रसंग सांगणे आवश्यक असेल तर तक्रारदारास मसुदा आधी दाखवून तिची संमती घ्यावी.

४.३ सारांश

दूरध्वनी-संभाषण सर्वांसाठी संक्षिप्त करताना तपशील झाकला गेला की नाही, हे वाचकाच्या पूर्वमाहितीच्या संदर्भात ठरते. शेवटचे अंक ही मालकासाठीची खूण असल्याने ती इतरांना देऊ नये. बोलण्यातील क्रमांक विखुरलेले, पुनरुक्त किंवा सापेक्ष रूपात येतात. पत्ता खुणांतून आणि गट क्रमांकातून उघड होतो, म्हणून त्याची पातळी हेतूनुसार वर न्यावी. मूळ नोंद अबाधित ठेवून सारांश नव्याने लिहावा आणि अंकशोध, मोठ्याने वाचन व सहकाऱ्याची परीक्षा या तीन मार्गांनी तपासावा.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) अनेक खात्यांतून आपले नेमके खाते खातेदारास ओळखता यावे म्हणून. आ) सारांशाचा वाचक खातेदार नसतो, आणि त्या अंकांवरून सहकाऱ्यांना व्यक्तीची ओळख पटू शकते.
प्रश्न २ : अ) मेदनकरवाडी, पिठाच्या गिरणीमागं, निळ्या गेटची चाळ, वरची खोली. आ) ज्या जमिनीवर चाळ आहे तिच्या मालकाची.

४.५ स्वाध्याय

१. ‘झाकलेले अंक मोजून सारांशाची सुरक्षितता ठरत नाही.’ या विधानाचे नमुना संभाषणाच्या आधारे स्पष्टीकरण करा.
२. नमुना संभाषणातील तक्रार ‘मेदनकरवाडीत चार दिवस पाणी नाही’ अशी आहे असे समजा. बाकीचे तपशील तेच ठेवून, वाडीतील सर्व रहिवाशांना पाठवता येईल असा साठ शब्दांचा सारांश लिहा. वाडीचे नाव ठेवण्याचे आणि इतर तपशील गाळण्याचे कारण दोन-तीन वाक्यांत द्या.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या कार्यालयातील किंवा सोसायटीतील सूचनाफलकावरील पाच सूचना वाचा. त्यांपैकी कोणत्या सूचनेवरून एखादी व्यक्ती ओळखता येते आणि नेमक्या कोणत्या शब्दामुळे, याची नोंद करा. नोंद करताना त्या व्यक्तीचे नाव किंवा क्रमांक उतरवू नका.